नोटरी केलेला करार पुरेसा आहे का?

आपण ५०० रुपयांच्या मुद्रांकावर नोटरी केलेल्या सदनिका-विक्री करारावर विसंबून आहात. नोटरी केल्याने नोंदणी होत नाही, आणि महाराष्ट्रात नवखे लोक सर्वाधिक चुकतात ते इथेच. दोन उणिवा वेगळ्या समजून घ्या.

मुद्रांक शुल्क अपुरे असल्यास न्यायालय तो दस्त कोणत्याही कारणासाठी पुराव्यात वाचत नाही. मात्र फरकाची रक्कम आणि तिच्यावर दरमहा २ टक्के दंड भरल्यास ही उणीव दूर होते, म्हणून विलंब करू नका.

नोंदणी नसल्यास मालकी हस्तांतरित होत नाही, आणि करारानुसार ताबा मिळाला असला तरी त्या ताब्याला २००१ पासून कायद्याचे संरक्षण नाही. विक्रेता फिरल्यास कराराच्या पूर्ततेच्या दाव्यात मात्र असा करार पुरावा म्हणून, मुद्रांक शुल्क पूर्ण असेल तर, चालू शकतो. सहीपासून चार महिन्यांत दस्त दुय्यम निबंधकाकडे सादर करा. त्यानंतरच्या चार महिन्यांत दंड भरावा लागतो.

घर भाड्याने देताना लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची असते. तो नोंदवला नसेल, तर वाद झाल्यावर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते.