श्रीखंड किंवा पुरणपोळी: एकच की दोन्ही?

प्रश्न: दादरला घरगुती जेवणाच्या ऑर्डरी घेते. 'रविवारी ४० जणांना श्रीखंड किंवा पुरणपोळी' असा मेसेज आलाय. एकच करू की दोन्ही?

उत्तर: एकच धरा आणि तसं कळवून टाका: 'श्रीखंड ४ किलो करतेय, माणशी १०० ग्रॅम. पुरणपोळीही हवी असेल तर शुक्रवार रात्रीपर्यंत सांगा.' नुसतं 'कोणतं?' विचारलंत तर 'काहीही चालेल' येतं, आणि 'थोडं हे, थोडं ते' हे त्यांच्या मनातच राहतं. शनिवारी दही टांगलं की बेत बदलता येत नाही, म्हणून मुदत आदल्या रात्रीची. दोन्ही हवं म्हणाले तर दुप्पट करू नका. श्रीखंड अडीच किलो, पोळी माणशी एक पुरते. नैवेद्य असेल तर मात्र आधी फोनच करा, बऱ्याच घरांत पुरणाशिवाय चालत नाही.