डायोडच्या आत ०.७ व्होल्ट आहे, मग मीटरला तो का दिसत नाही?

प्रश्न: पी-एन जंक्शनवर इलेक्ट्रॉन आणि होल भेटून नाहीसे होतात आणि डिप्लिशन रीजन बनतो असं वाचलं. मग सगळेच का नाहीसे होत नाहीत? आणि आत ०.७ व्होल्ट असेल तर सुट्या डायोडला मल्टिमीटर लावल्यावर शून्य का येतं?

उत्तर:

नाहीसं काय झालं ते तुम्ही बरोबर वाचलंय, पण मागे काय उरलं याकडे बघा. खरी गोष्ट तिथे आहे.

एन बाजूला सिलिकॉनमध्ये फॉस्फरसचे अणू आहेत. प्रत्येकाने एक इलेक्ट्रॉन मोकळा सोडलाय. तो आसपास फिरतोय तोवर तो भाग एकूण उदासीनच असतो. पी बाजूला इलेक्ट्रॉन जवळजवळ नाहीत. त्यामुळे उष्णतेच्या नुसत्या धडपडीने इकडून तिकडे जाणारे जास्त आणि तिकडून येणारे कमी, असं होतं. त्यांना कोणी ओढत नाही, गर्दीच पसरते. पलीकडे गेलेला इलेक्ट्रॉन होलमध्ये पडतो, पण त्याचा फॉस्फरस स्फटिकात जागच्या जागी अडकलेला आहे आणि आता त्याचा धन प्रभार झाकायला कोणी नाही. तसाच पी बाजूचा बोरॉन, होल गेल्यावर ऋण प्रभार घेऊन उघडा पडतो.

या दोन उघड्या थरांमध्ये एनकडून पीकडे विद्युत क्षेत्र तयार होतं आणि ते इलेक्ट्रॉनला परत एनकडे ढकलतं. जाणारा प्रत्येक इलेक्ट्रॉन मागच्यांची वाट आणखी अवघड करतो. शेवटी गर्दीमुळे जितके जातात तितकेच क्षेत्रामुळे परत येतात. म्हणजे ये-जा बंद पडत नाही, फक्त हिशेब शून्य होतो. इलेक्ट्रॉनचा वेगळा आणि होलचाही वेगळा. म्हणून सगळे नाहीसे होत नाहीत.

आता हा चढ किती उंच ते काढू. समजा पी बाजूला दर घन सेंटीमीटरला १०^१७ बोरॉन आणि एन बाजूला १०^१६ फॉस्फरस आहेत, तापमान ३०० केल्व्हिन. एन बाजूला मोकळे इलेक्ट्रॉन १०^१६ झाले. शुद्ध सिलिकॉनमध्ये ते साधारण १०^१० असतात, त्यावरून पी बाजूला फक्त १०^३ उरतात. म्हणजे दोन्हीकडच्या गर्दीत १०^१३ पटींचा फरक. या तापमानाला दहा पटींचा फरक तोलून धरायला सुमारे ६० मिलीव्होल्ट लागतात. असे १३ टप्पे, म्हणजे ०.७७ व्होल्ट. यालाच बिल्ट-इन पोटेन्शियल, Vbi, म्हणतात. हेच सूत्रात, जिथे NA म्हणजे बोरॉनची, ND म्हणजे फॉस्फरसची आणि ni म्हणजे शुद्ध सिलिकॉनमधल्या मोकळ्या इलेक्ट्रॉनची दर घन सेंटीमीटर संख्या:

```
Vbi = (kT/q) ln(NA·ND / ni²)
```

मी विद्यार्थ्यांना आधी हे टप्पे मोजायला लावतो आणि मग सूत्र देतो, कारण ०.७ हा सिलिकॉनचा जन्मजात आकडा नाही. डोपिंग, म्हणजे मिसळलेल्या बोरॉन-फॉस्फरसचं प्रमाण, बदललं की तोही बदलतो.

या उदाहरणात डिप्लिशन रीजनची रुंदी सुमारे ०.३३ मायक्रोमीटर येते. त्यातला ०.३० एन बाजूला आणि ०.०३ पी बाजूला, कारण दोन्हीकडचा प्रभार सारखाच भरायला हवा आणि एन बाजूला अणू दहापट विरळ आहेत. पुस्तकातल्या आकृतीत दोन्ही पट्टे बहुधा सारखे काढलेले असतात, त्यावर जाऊ नका.

आता मीटर. डायोडच्या दोन्ही टोकांना धातू जोडलेला असतो आणि त्या जोडांवरही असेच आपापले विभवांतर तयार होतात. सगळीकडे तापमान एकच असेल तर पूर्ण फेरीत त्यांची बेरीज शून्य होते. तशी ती झाली नसती तर डायोडला नुसती तार जोडून कायम करंट मिळाला असता, तोही कुठलीच ऊर्जा न देता. मीटर दोन टोकांच्या फर्मी पातळीतला, म्हणजे इलेक्ट्रॉन कुठल्या बाजूला वाहतील ते ठरवणाऱ्या ऊर्जा-पातळीतला, फरक दाखवतो आणि समतोलात ती पातळी सगळीकडे एकच असते. (1N4148 सारखा काचेचा डायोड उजेडात धरून मिलीव्होल्टवर काही आकडा आला, तर तो प्रकाशामुळे. डायोड झाकून पुन्हा बघा.) डायोड मोडवर दिसणारा ०.६ सुद्धा बिल्ट-इन पोटेन्शियल नाही. मीटर स्वतः थोडा करंट पाठवून त्यावर पडणारा व्होल्टेज दाखवतो.

बिल्ट-इन पोटेन्शियल मोजायचंच असेल तर कपॅसिटन्स मोजा. डिप्लिशन रीजन म्हणजे दोन प्रभारित थर आणि मध्ये सिलिकॉन. वरच्या डायोडचं क्षेत्रफळ १ चौरस मिलीमीटर धरलं तर शून्य व्होल्टला सुमारे ३१० पिकोफॅरड येतात. ५ व्होल्ट रिव्हर्स बायस दिला की थर रुंदावतो आणि ते ११४ पर्यंत उतरतात. वेगवेगळ्या रिव्हर्स व्होल्टेजला C मोजून १/C² चा आलेख काढा. डोपिंग एकसारखं असेल तर सरळ रेघ येते. ती मागे फॉरवर्ड बाजूला वाढवली की आडव्या अक्षाला साधारण ०.७ ते ०.८ व्होल्टला छेदते. रेघ वाकडी आली तर समजा की जंक्शनजवळ डोपिंग एकसारखं नाही, आणि मग त्या छेदाला बिल्ट-इन पोटेन्शियल म्हणता येत नाही.