ΔG/T विरुद्ध 1/T असाच ग्राफ का काढतात? सरळ ΔG विरुद्ध T काढून इंटरसेप्टवरून ΔH घेतलं तर काय बिघडतं?

दोनच रीडिंग असतील तर काहीच बिघडत नाही, आकडा तोच येतो. पण या ग्राफवरून माझे मार्क गेलेत, त्यामुळे जरा लांबेल.

बीएस्सीला बोरॅक्सचं प्रॅक्टिकल होतं. वेगवेगळ्या तापमानाला संपृक्त द्रावण करायचं, वरचं नितळ 5 मिली पिपेटने घ्यायचं आणि 0.5 M HCl ने टायट्रेट करायचं. एका टेट्राबोरेटला दोन HCl लागतात, आणि K = 4 × (काँसंट्रेशन)³, कारण सोबत दोन सोडियम सुटतात. मला 30 अंशाला 3.8 मिली लागलं, म्हणजे 0.19 M, आणि 50 ला 9.6 मिली, म्हणजे 0.48 M.

आता इथेच तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. टायट्रेशनमधून हातात येतो K, आणि −R ln K म्हणजेच ΔG/T, वर T ने गुणायचं कशाला? 30 ला तो 29.90 J/K आला, 50 ला 6.78. फरक 23.12, त्याला 1/T च्या फरकाने, 0.000204 ने भागा, ΔH आलं साधारण 113 kJ. तुमच्या पद्धतीने ΔG 9.06 आणि 2.19 kJ, रेषा T = 0 पर्यंत ओढली की तेच 113. उरलेलं अर्धं असं की ΔG/T = ΔH/T − ΔS याचं डेरिव्हेटिव्ह घेताना ΔH आणि ΔS दोन्ही तापमानाने बदलतात हे धरलं, तरी ΔCp च्या टर्म एकमेकींना पूर्ण खातात आणि स्लोप त्या त्या तापमानाचा शुद्ध ΔH उरतो. म्हणून रेषा वाकली तरी घाबरायचं नाही, जिथे हवा तिथला स्लोप घ्यायचा.

आमची वाकली! 70 अंशाला मला 17.0 मिली लागलं. जून महिना, लॅबमधे पंखे बंद, वॉटर बाथची वाफ चष्म्यावर, आणि सर म्हणाले, "अगं, हा पॉइंट रेषेवर नाही बसत, 21.8 असणार, नीट वाचलं नाहीस." रेषा पुढे ओढली तर 21.8 च येतं, त्यांनी हिशेब बरोबर केला होता, फक्त उलटा: रेषेवरून रीडिंग. माझ्या पार्टनरने मुकाट्याने 21.8 लिहिलं. मी 17.0 ठेवलं, 50 ते 70 चा स्लोप फक्त 79 kJ आला, आणि जर्नलवर लाल पेनाने "चूक" आलं. दादरपासून घरापर्यंत ट्रेनमधे उभी राहून तोच ग्राफ बघत होते.

चूक नव्हतीच. बोरॅक्सच्या दहा पाण्याच्या स्फटिकाचं साधारण 61 अंशाला पाच पाण्याच्या स्फटिकात रूपांतर होतं. त्या तापमानाच्या वर तळाशी असलेला घनच वेगळा, म्हणजे रिअ‍ॅक्शनच वेगळी आणि तिचा ΔH कमी. दोन रिअ‍ॅक्शनवर एक रेषा मारलीत तर 30 ते 70 मिळून 97 kJ येतात, आणि तो आकडा दोघींपैकी कुणाचाच नसतो.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर माझे 17.0 पण धुतल्या तांदळासारखे नव्हते. गरम द्रावण थंड पिपेटमधे घेतलं की टोकाला पांढरे स्फटिक धरतात, तेवढं बोरॅक्स फ्लास्कमधे पोचतच नाही, रीडिंग कमी येतं आणि स्लोप पडतो. 79 मधला थोडा भाग नक्की त्याचा असणार. आणि इतक्या दाट द्रावणात काँसंट्रेशनलाच अ‍ॅक्टिव्हिटी मानलंय, तेव्हा 113 ला देववाणी समजू नका.

पार्टनरशी दुसरं भांडण अ‍ॅसिडवरून. ते स्टँडर्डाइझ केलं नव्हतं म्हणून ती म्हणायची सगळंच कचऱ्यात. नाही गं बाई! अ‍ॅसिड 0.5 च्या ऐवजी 0.47 असेल तर प्रत्येक K एकाच पटीत चुकतो, ΔG/T ची अख्खी रेषा तेवढीच खालीवर सरकते, स्लोप हलत नाही. बिघडतो तो ΔS. तुमच्या ग्राफमधे हेच घडतं पण दिसत नाही, तिथे रेषा कलते आणि इंटरसेप्ट जागेवर राहतो, म्हणून मला तो आवडत नाही.

करणार असाल तर 30 ते 55 मधेच पाच रीडिंग घ्या, पिपेट आधी गरम पाण्यात बुडवून ठेवा, आणि 61 च्या वर जायचंच असेल तर तिथे वेगळी तीन रीडिंग आणि वेगळी रेषा. एक्स्टर्नलने विचारलं तर स्फटिकातलं पाणी सांगा. आमच्या वेळी त्यांनी विचारलंच नाही, नुसत्या सरळ रेषा बघून गेले.