सुनावणीचं बोलावणं: दोघांना दोन वेगळी पत्रं

प्रश्न: ऑफिसात एकाने दुसऱ्याविरुद्ध तक्रार केलीय. सुनावणीची वेळ कळवायचं काम माझ्याकडे आलंय. मेल कसा लिहू? दोघांना एकत्रच बोलावलं तर चालेल का?

एकत्र नको, आणि एकाच मेलवर तर मुळीच नको. मी ठेच लागून शिकलोय. पहिल्यांदा हे काम आलं तेव्हा मी दोघांना एकच कॅलेंडर निमंत्रण पाठवलं. विषय: 'गैरवर्तनाबाबत सुनावणी'. खोलीच्या बुकिंगवरही तोच विषय झळकला आणि दुपारपर्यंत सगळ्या मजल्यावर कुजबुज सुरू झाली. ज्याच्याविरुद्ध तक्रार होती तो म्हणाला, "गैरवर्तन झालं हे ठरलंच असेल तर मी येऊ कशाला?" त्याचं चुकीचं नव्हतं. तारीख पुढे ढकलावी लागली.

आता विषयात फक्त 'बैठक' आणि तक्रारीचा क्रमांक लिहितो, निमंत्रण 'खाजगी' करतो. आतला मजकूर साधारण असा:

"आपण दिलेल्या तक्रारीसंदर्भात समितीला आपलं म्हणणं ऐकायचं आहे. कृपया मंगळवारी सकाळी १०:३० वाजता यावे."

दुसऱ्या पत्रात पहिलं वाक्य बदलतं: "आपल्यासंदर्भात आलेल्या तक्रारीबाबत समितीला आपली बाजू ऐकायची आहे." 'आरोपी', 'पीडित', 'चौकशीला हजर राहा' हे शब्द दोन्हीकडे नकोत. पण तटस्थ म्हणजे मोघम नव्हे. काय आरोप आहे हेच माहीत नसेल तर तो माणूस उत्तर काय देणार? तक्रारीतले मुद्दे आणि कागद त्याला तयारीला पुरेसे दिवस आधी, वेगळ्या बंद पाकिटात द्या.

वेळेचं म्हणाल तर तक्रारदार आधी, म्हणजे दुसऱ्याला नेमक्या मुद्द्यांवर बोलता येतं. १०:३० ते ११:३० एक, दुसरा थेट १२:१५ला. मधला पाऊण तास वाया जात नाही. पहिलं बोलणं हमखास लांबतं, आणि दाराशी दोघांची गाठ पडणं हीच खरी भीती असते. ऑनलाइन असेल तर दोन वेगळ्या लिंक द्या, नाहीतर दुसरा लवकर आला की थेट पहिल्याच्या बोलण्यात शिरतो. दुसऱ्याच्या उत्तरावर तक्रारदाराला काही सांगायचं असू शकतं, म्हणून दुसऱ्या दिवशीचा अर्धा तासही राखून ठेवा. एकाला ही संधी दिलीत तर दुसऱ्यालाही द्या.

गोपनीयतेची ओळ दोन्ही पत्रांत शब्दशः सारखी हवी. एकालाच बजावलं तर संशय त्याच्यावरच आहे असं वाटतं. "कोणाशीही बोलू नका" असं मात्र लिहू नका. सल्लागाराशी किंवा नियमांनुसार सोबत येणाऱ्याशी बोलायची मुभा राहिली पाहिजे. मी लिहितो: "या प्रकरणाचा तपशील व कागद सहकाऱ्यांना सांगू वा दाखवू नयेत. सल्ला घेण्यास किंवा सोबत येणाऱ्या व्यक्तीशी बोलण्यास हरकत नाही. तक्रार केल्याबद्दल किंवा साक्ष दिल्याबद्दल कोणाला त्रास झाल्यास समितीला कळवावे."

पाठवण्याआधी 'प्रति'ची ओळ एकदा मोठ्याने वाचा. जुनं पत्र कॉपी करताना पहिल्याचं नाव दुसऱ्याच्या पत्रात राहून जातं.