कॅल्शियम नसलेल्या बफरमध्ये दुसरा हिस्टामिन डोस फुकट का जातो, आणि ५०० नॅनोमोलरला कॅलमोड्युलिन चालू कसं होतं?

प्रश्न: कोल्हापुरात एम.एस्सी. बायोकेमिस्ट्री करतोय. हेला पेशींवर कॅल्शियम नसलेल्या बफरमध्ये हिस्टामिन दिलं की फ्युरा-२ या कॅल्शियम मोजणाऱ्या डायचा सिग्नल वर जातो, पण दुसऱ्यांदा दिलं की काहीच होत नाही. असं का? आणि पुस्तकात लिहिलंय की कॅलमोड्युलिन या कॅल्शियम ओळखणाऱ्या प्रथिनाला मायक्रोमोलर कॅल्शियम लागतं. आमचा पीक तर ५०० नॅनोमोलरच येतो. मग ते चालू कसं होतं?

उत्तर:

पहिला सिग्नल येतो तो आंतर्द्रव्यजालिकेतून, म्हणजे ईआरमधून. हिस्टामिन एच-१ रिसेप्टरला बसतं, जी-क्यू प्रथिनामार्फत फॉस्फोलायपेज सी सक्रिय होतं, ते पेशीपटलातल्या पिप-२ लिपिडचे दोन तुकडे करतं आणि त्यातला आयपी-३ पेशीद्रव्यात उतरून ईआरवरची वाहिनी उघडतो. आयपी-३ अंतर्गत साठ्यातून कॅल्शियम सोडतो हे १९८३ मध्ये स्ट्रेब, अर्विन, बेरिज आणि शुल्झ यांनी स्वादुपिंडाच्या पेशींवर दाखवलं. त्यांनी पेशींचं बाहेरचं पटल सच्छिद्र केलं होतं, त्यामुळे कॅल्शियम बाहेरून आत आलं असेल ही शंकाच उरली नाही.

स्वस्थ पेशीच्या द्रव्यात मुक्त कॅल्शियम साधारण १०० नॅनोमोलर असतं, ईआरच्या आत काहीशे मायक्रोमोलर. हा फरक सर्का पंप राखतो, एका एटीपीमागे दोन कॅल्शियम आत ओढून. पण हिस्टामिननंतर सुटलेलं सगळं कॅल्शियम सर्काच्या हाती लागत नाही. बराच वाटा पेशीपटलावरचा पीएमसीए पंप बाहेर फेकतो. एरवी ते बाहेरच्या कॅल्शियममधून भरून निघतं. ईआर रिकामं झालं की तिथलं स्टिम-१ प्रथिन ते ओळखतं आणि पटलावरच्या ओराई-१ वाहिन्या उघडतं. तुमच्या बफरमध्ये मात्र कॅल्शियम पकडून ठेवणारा ईजीटीए असणार. बाहेर गेलेलं कॅल्शियम तिथेच अडकतं, ओराई उघडी असूनही आत यायला काही नसतं, आणि दुसऱ्या डोसला साठा रिकामा सापडतो.

तरीही एवढ्यावर निष्कर्ष काढू नका. एच-१ रिसेप्टर स्वतःही निढावतो आणि दुसऱ्या डोसला प्रतिसाद देईनासा होतो. दोन्ही कारणांचा ट्रेस हुबेहूब सारखाच दिसतो. वेगळं करायचं तर दुसऱ्या हिस्टामिनच्या जागी १ मायक्रोमोलर थॅप्सिगार्गिन द्या. ते सर्का बंद करतं आणि ईआरमध्ये जे उरलंय ते रिसेप्टरशिवायच हळूहळू गळून बाहेर येतं. ज्या पेशींना पहिलं हिस्टामिन दिलंच नाही, त्यांची थॅप्सिगार्गिनची चढण शेजारी ठेवा. तुमची चढण त्याहून बरीच लहान असेल तर साठाच संपला होता. जवळपास तेवढीच आली तर साठा भरलेला होता आणि दोष रिसेप्टरचा. बाहेर कॅल्शियम परत देऊन, थोडं थांबून हिस्टामिन पुन्हा देण्याची पद्धत मला कमी पटते, कारण तेवढ्या वेळात रिसेप्टरही सावरतो.

ईजीटीए मात्र जपून वापरा. तो अजिबात न घालता 'कॅल्शियम-मुक्त' बफर बनवला, तर काच, पाणी आणि क्षारांतून काही मायक्रोमोलर कॅल्शियम आलेलं असतंच, म्हणजे पेशीद्रव्याच्या कित्येक पट. उलट ०.५ मिलिमोलर ईजीटीएमध्ये पेशी वीसेक मिनिटं ठेवल्या तर साठा आपोआप गळतो आणि पहिला पीकही बुटका येतो. डोसच्या एक-दोन मिनिटं आधी बफर बदलणं उत्तम. पीएच ७.४ आहे ना, तेही मोजा. पीएच उतरला की ईजीटीएची पकड झपाट्याने सैल होते, आणि कॅल्शियम पकडताना तो स्वतःच प्रोटॉन सोडतो.

आता तुमचे ५०० नॅनोमोलर. R म्हणजे फ्युरा-२ च्या दोन तरंगलांबींवरच्या उजेडाचं गुणोत्तर, Rmin आणि Rmax म्हणजे कॅल्शियम नसताना आणि भरपूर असताना येणारं गुणोत्तर, Kd म्हणजे डाय अर्धा भरतो ते कॅल्शियम आणि β हा डायचा मोजणी-गुणक. हे गणित असं येतं:

```
[Ca] = Kd × β × (R − Rmin) / (Rmax − R)
```

समजा Rmin ०.४, Rmax ६, β ५ आणि Kd २२४ नॅनोमोलर. मूळ गुणोत्तर ०.८ असेल तर उत्तर ८६ नॅनोमोलर येतं, पीकला २.२ असेल तर ५३०. पण २२४ हा Kd ३७ अंशांचा आहे, २२ अंशांना तो १४५ च्या आसपास असतो. तोच पीक १४५ ने मोजला तर ३४३ निघतो. कोल्हापुरात एप्रिल-मेच्या दुपारी एसी नसलेल्या खोलीत 'रूम टेम्परेचर' म्हणजे काय, हे थर्मामीटर लावूनच ठरवा. उकाड्यात डाय भरताना तो ईआरसारख्या कप्प्यांतही जास्त शिरतो. शेवटी थोडं डिजिटोनिन देऊन बघा: पेशीद्रव्यातला डाय निघून जातो, आणि उजेड तरीही बराच शिल्लक राहिला तर तुमचा आकडा निव्वळ पेशीद्रव्याचा नव्हता.

आकडा बरोबर निघाला तरी ती अख्ख्या पेशीची सरासरी असते. उघड्या वाहिनीच्या तोंडाशी, काही दशक नॅनोमीटरच्या आत, कॅल्शियम क्षणभर कित्येक मायक्रोमोलर होतं. ते फ्युरा-२ ला दिसत नाही, तिथे बसलेल्या कॅलमोड्युलिनला दिसतं.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. पुस्तकातला आकडा एकट्या, मोकळ्या कॅलमोड्युलिनचा आहे. १४८ अमिनो आम्लांच्या या प्रथिनात चार ईएफ-हँड, म्हणजे कॅल्शियम बसायच्या जागा, असतात, दोन्ही टोकांना दोन-दोन. सी-टोकाची जोडी एक-दोन मायक्रोमोलरला अर्धी भरते, एन-टोकाची त्याहून बऱ्याच जास्त कॅल्शियमला. कॅल्शियम बसलं की टोक उघडतं आणि मेथिओनिनने भरलेला जलद्वेषी भाग बाहेर येतो. त्याला लक्ष्य प्रथिनाची साखळी चिकटली की टोक उघडंच राहतं, आणि मग कॅल्शियम सहजी सुटत नाही. त्यामुळे लक्ष्य सोबत असताना कॅलमोड्युलिनची कॅल्शियमवरची पकड कित्येक पट वाढते. म्हणून मायोसिन लाइट चेन कायनेज काहीशे नॅनोमोलरलाच जागं होतं, कॅमकायनेज-२ ला जास्त लागतं. एकाच पेशीत, एकाच कॅलमोड्युलिनचा उंबरठा लक्ष्यागणिक वेगळा असतो.

याचा पुरावा तुमच्याच ट्रेसमध्ये शोधता येईल. पीएमसीए हेही कॅलमोड्युलिनचं लक्ष्य आहे. कॅलमोड्युलिन बसलं की त्या पंपाचा स्वतःवरचा लगाम सुटतो आणि त्याची कॅल्शियमची पकड घट्ट होते. म्हणजे पीकनंतरची उतरण, आणि पर्यायाने तुमचा रिकामा झालेला साठा, यात कॅलमोड्युलिनचा हात असणार. कॅल्शियम-मुक्त बफरमध्ये थॅप्सिगार्गिन देऊन सर्काला बाजूला करा, मग उतरण मुख्यतः पीएमसीएची उरते. ती डब्ल्यू-७ या कॅलमोड्युलिन-रोधकासह आणि त्याशिवाय मोजा. डब्ल्यू-७ ची मात्रा काही दशक मायक्रोमोलर लागते आणि तेवढ्यात तो इतर गोष्टींनाही हात लावतो, म्हणून त्याचा दुबळा भाऊ डब्ल्यू-५ त्याच मात्रेत शेजारी हवाच. शिवाय डब्ल्यू-७ आधी एकटा देऊन मूळ रेषा हलते का ते पाहा. हलली तर मात्रा कमी करा, नाहीतर उतरणीतला फरक कशामुळे आला ते सांगता येणार नाही.