केस गळत नाहीत, तरी भांग रुंद

प्रश्न: पाळी जाऊन दोन वर्षं झाली. भांग रुंद होत चाललाय, टाळू दिसते, पण कंगव्यात फार केस येत नाहीत. तेल बदललं, फरक नाही. हे हार्मोन्समुळे असेल का? केस परत येतील?

उत्तर: बहुतेक हार्मोन्समुळेच. मी त्वचेची डॉक्टर आहे. अशा वेळी मी गळलेले केस मोजायला लावत नाही, डोक्याच्या मागच्या बाजूला एक भांग पाडून तो मधल्या भांगाशी ताडून बघते. मधला रुंद, मागचा अरुंद आणि कपाळावरची केसांची रेषा जागेवर, असं असेल तर केस गळण्यापेक्षा बारीक होत चाललेत असं समजायचं.

एरवी एक केस दोन ते सहा वर्षं वाढतो आणि मग गळतो. इस्ट्रोजेन हा वाढीचा काळ लांबवतं. पाळी गेल्यावर ते झपाट्याने घटतं, पण शरीरातली पुरुषी हार्मोन्स तितक्या वेगाने घटत नाहीत. घराण्यात हा कल असेल तर टाळूवरच्या मुळांचा वाढीचा काळ तोकडा होतो आणि प्रत्येक नवा केस आधीपेक्षा बारीक, आखूड उगवतो. जिथे दोन-तीन केस एकत्र यायचे तिथे एकच राहतो. टाळूचं तेलही कमी होतं, म्हणून पोत रखरखीत वाटतो. रक्तातली हार्मोन्स मात्र बहुतेकींची नॉर्मल येतात. मी आधी थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, बघते. बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगा, त्या गोळ्यांमुळे थायरॉइडचा रिपोर्ट चुकू शकतो.

खोबरेल, माका खुशाल लावा. केस मऊ राहतील, मुळं जाड होणार नाहीत. सर्वांत जास्त अनुभव मिनॉक्सिडिल या टाळूवर लावायच्या औषधाचा आहे: ५ टक्क्यांचा फोम, दिवसातून एकदा, कोरड्या टाळूवर. पंचावन्नच्या एका बाईंना महिन्याभरात उलट जास्त केस गळताना दिसले आणि त्या औषध बंद करायला निघाल्या. तेव्हा जुने केस जागा सोडत असतात, हे आधी सांगितलं नाही तर बायका इथेच हार मानतात. त्यांनी चालू ठेवलं. सहा महिन्यांनी त्याच उजेडात काढलेल्या फोटोत भांग अरुंद दिसला, पूर्वीइतका नाही, पण टाळू झाकण्याइतका. औषध सोडलं की काही महिन्यांत केस पुन्हा विरळ होतात. फोम कपाळावर ओघळला किंवा हाताने चेहऱ्याला लागला तर तिथेही लव येते, तेव्हा लावून झालं की हात धुवा.

कपाळावरची रेषाच मागे सरकत असेल आणि भुवया विरळ होत असतील, तर हा आजार वेगळा. त्यात मुळं कायमची जातात, थांबू नका. हनुवटीवर अचानक दाट केस आले किंवा आवाज जाड झाला, तर मात्र हार्मोन्सची तपासणी लगेच करायची.