घराचा स्लॅब, महिन्याची रजा आणि साहेबांचा तोंडी नकार

प्रश्न : वकीलसाहेब, मी बेळगावात केंद्र सरकारच्या एका कार्यालयात क्लार्क आहे. खानापूर तालुक्यातल्या आमच्या जुन्या घराची कौलं उतरवून स्लॅब घालायचा आहे. घर माझ्या नावावर आहे. १५ एप्रिल ते १४ मे अशी ३० दिवसांची अर्जित रजा मी महिनाभर आधीच मागितली. खात्यावर १४२ दिवस शिल्लक आहेत. साहेब तोंडी म्हणाले, "माणसं कमी आहेत, जमणार नाही. हवं तर मेडिकल टाक." काय करू?

उत्तर : आधी मेडिकलचा विचार डोक्यातून काढा. साहेबांनी चांगल्या मनाने सुचवलं असेल, पण त्यात तुमची नोकरी पणाला लागते. कार्यालयाला शंका आली तर दुसऱ्या डॉक्टरकडून तपासणी करवून घेता येते, आणि ज्या दिवशी तुम्ही आजारी आहात त्याच दिवशी तुम्ही सेंट्रिंगवर उभे होता हे सगळ्या गावाने पाहिलेलं असतं. खोट्या दाखल्यावर खातेनिहाय चौकशी लागली की साहेब तुमच्या बाजूने बोलणार नाहीत.

तुम्हाला लागू होतात ते १९७२ चे केंद्रीय नागरी सेवा (रजा) नियम. त्यातला नियम ७ रजा हा हक्क मानत नाही. कामाची निकड असेल तर अधिकारी रजा नाकारू शकतो, दिलेली रद्दही करू शकतो. १४२ दिवस शिल्लक असले तरी त्यात फरक पडत नाही. पण त्याच नियमात एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे. तुम्ही मागितलेल्या रजेचा प्रकार अधिकाऱ्याला स्वतःहून बदलता येत नाही, त्यासाठी तुमची लेखी विनंती लागते. म्हणून अर्जित रजेचाच आग्रह धरा आणि तशी विनंती लिहून देऊ नका.

तोंडी नकाराविरुद्ध वर दाद मागणं अवघड जातं. रजा मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याच्या नावे दुसरा अर्ज द्या, आवक नोंद करून शिक्क्याची प्रत घ्या. नकार असेल तर कारणासह लेखी कळवावा, असं त्यात नम्रपणे लिहा. ग्रामपंचायतीच्या बांधकाम परवान्याची प्रत आणि कंत्राटदाराचं तारखांसह अंदाजपत्रक जोडा. परवाना कन्नडमध्ये असेल तर सोबत इंग्रजी भाषांतर लावा.

आणि महिना मागण्याऐवजी दोन तुकडे मागून पाहा. मला हा मार्ग जास्त पटतो. "माणसं कमी आहेत" ही अडचण सलग ३० दिवसांना जितकी भिडते तितकी दहा-अकरा दिवसांना भिडत नाही. १५ ते २४ एप्रिल कौलं-वासे उतरवणं आणि भिंती चढवणं. मधले दिवस गवंडी सांभाळेल. मग ४ ते १४ मे. ५ मेला स्लॅब पडला तर पीपीसी सिमेंटला लागणारं दहा दिवसांचं पाणी मारणं तुमच्या डोळ्यांदेखत होईल. खोलीचा गाळा साडेचार मीटरहून मोठा असेल तर टेकू किमान १४ दिवस हलवायचे नसतात, पीपीसी सिमेंट असेल तर त्याहूनही जास्त. म्हणजे ते मेच्या अखेरीस काढताना एक किरकोळ रजा पुरेल. ती अर्जित रजेला जोडून घेता येत नाही, इथे मात्र मध्ये कामाचे दिवस येतातच. मृगाआधी छप्पर बंद होतं, आणि ही घाई अर्जात लिहायलाच हवी. खानापूरचा पाऊस बेळगावच्या अधिकाऱ्यालाही ठाऊक असतो.

मंजुरी न मिळता निघून जाऊ नका. कृष्णकांत परमार विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये सांगितलं की गैरहजेरी जाणूनबुजून केलेली असेल तरच ती गैरवर्तन ठरते. लोक याचा आधार घेऊन घरी बसतात. पण तो निकाल नाइलाजाने अडकलेल्या माणसाला वाचवतो. महिनाभर आधी तारीख ठरवलेला, नकार ऐकलेला माणूस नाइलाज कसा सिद्ध करणार?

आता तुम्ही विचारलेलं नाही, पण मला काळजी वाटते ती गोष्ट. १९६४ च्या आचरण नियमांतल्या नियम १८ खाली स्वतःच्या घराचं बांधकाम कार्यालयाला आधी कळवायचं असतं, पैसा कुठून आला हेही सांगायचं असतं. कंत्राटदार किंवा माल देणारा तुमच्या कार्यालयीन कामाशी संबंधित असेल तर पूर्वपरवानगीच लागते. हे केलं नसेल तर तुमचा रजेचा अर्जच तुमच्याविरुद्धचा कागद होईल, कारण बांधकाम होतंय हे तुम्ही स्वतः सही करून दिलेलं असेल. दुसरा अर्ज देण्याआधी हे पत्र द्या, दोन्हींतले आकडे जुळू द्या.

रजा मंजूर होऊन मध्येच बोलावणं आलं, तर फोनवर भागवू नका, लेखी आदेश मागा. नियम २३ प्रमाणे असं परत बोलावणं सक्तीचं धरलं जातं. तुम्ही गावाहून निघाल त्या दिवसापासून कामावर समजले जाता आणि प्रवासभत्ताही त्याच्या नियमांत बसेल तसा मिळतो.